सोळा जागा, पण भागाकार बाराने

पुण्याहून अजिंठा-वेरूळची तीन दिवसांची सहल, शुक्रवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत. सतरा सीटची ट्रॅव्हलर, एक जागा टूर मॅनेजरची, म्हणजे विकायला १६ जागा. माझ्या पहिल्या सहलीचा दर मी अगदी सरळ काढला होता. एकूण खर्च मांडला, १६ ने भागला आणि वर थोडा नफा चढवला. आले ११. गाडी तेवढ्याच पैशात धावली, गाइडने तेवढीच फी घेतली आणि पाच रिकाम्या सीट माझ्या खिशातून अजिंठा पाहून आल्या.

दर कसा काढावा हे याच सहलीचा हिशेब मांडून दाखवतो. आकडे माझे आहेत, तुमच्या गाडीमालकाचे आणि हॉटेलचे वेगळे असतील. रीत तीच राहील.

आधी खर्चाचे दोन ढीग करा

पहिल्या ढिगात जाणाऱ्या खर्चाला मी बांधील खर्च म्हणतो. माणसं सहा आली काय नि सोळा आली काय, तो तेवढाच होतो. दुसऱ्या ढिगात माणशी खर्च, जो माणूस आला तरच होतो. वही उभी रेघ मारून दोन भागांत करा आणि प्रत्येक बाबीला एकच प्रश्न विचारा: एक माणूस कमी झाला तर हे पैसे वाचतात का?

बांधील खर्चात सगळ्यात मोठी बाब गाडी, आणि चूकही तिथेच होते. नकाशावर अंतर मोजलं तर पुणे ते संभाजीनगर साधारण २३५ किलोमीटर, तिथून वेरूळ ३०, अजिंठा १००. तीन दिवसांचं रनिंग पावणेआठशे-आठशेच्या आसपास भरतं. पण बाहेरगावच्या भाड्यात मालक रोजचे किमान ३०० किलोमीटर लावतो. म्हणजे गाडी ७८० धावली तरी बिल ९०० चं. उलट एखाद्या सहलीत हजारावर रनिंग झालं, तर बिल खऱ्या किलोमीटरचं. शिवाय मीटर मालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत चालतो, तुमच्या पहिल्या पिकअपपासून नाही. हे दोन्ही मुद्दे फोनवर तोंडी न ठेवता मेसेजवर लिहून घ्या.

किलोमीटरला २६ रुपये धरले तर ९०० चे २३,४०० झाले. ड्रायव्हरचा भत्ता रोज ५०० प्रमाणे १,५००. टोल आणि पार्किंग मिळून १,५००. गाडी एकूण २६,४०० ला पडली.

वेरूळ आणि अजिंठा अशा दोन दिवसांच्या गाइडचे मी ७,००० धरतो. गाइडच्या फीला बऱ्याचदा माणसांच्या संख्येचे टप्पे असतात, छोट्या ग्रुपला एक दर आणि मोठ्याला दुसरा. तुमचा ग्रुप कुठल्या टप्प्यात बसतो ते आधीच विचारा आणि हिशेबात वरचा टप्पा धरा.

टूर मॅनेजरची मजुरी रोज १,५०० प्रमाणे ४,५००. बहुतेक वेळा मॅनेजर तुम्ही स्वतःच असता आणि ही ओळ लिहायचं टाळता. टाळू नका. त्या दिवशी दुसरा माणूस पाठवावा लागला तर हे पैसे मोजावेच लागतील. मॅनेजरच्या खोलीचे दोन रात्रींचे ४,०००, जेवणाचे १,५००. जाहिरात, फोन, प्रथमोपचाराची पेटी, छापील माहितीपत्रक वगैरे १,६००.

बेरीज बरोबर ४५,००० येते.

आता माणशी खर्च. दोघांत एक खोली २,२०० रुपयांची, म्हणजे माणशी रात्रीला १,१०० आणि दोन रात्रींचे २,२००. नाश्ता खोलीच्या भाड्यात. तीन दुपारची जेवणं २५० प्रमाणे ७५०, दोन रात्रीची ३०० प्रमाणे ६००. चहा, पाणी, संध्याकाळचं खाणं २५०. लेण्यांची, दौलताबादची आणि बीबी का मकबऱ्याची तिकिटं अधिक अजिंठ्याची बस असे २५०. ही बस अनेक जण विसरतात. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. ती टी-पॉइंटला लावून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जायचं असतं, आणि त्या बसचं तिकीट माणशी असतं. एवढं सगळं ४,०५० झालं. किरकोळ चुकीमाकीसाठी १५० घालून ४,२०० धरू.

जाता जाता: अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. शुक्रवार ते रविवारच्या सहलीत याची अडचण येत नाही, पण जोडून सुट्टी आली म्हणून सहल एक दिवस पुढे सरकवाल तर कॅलेंडर आधी बघा. लेणी बंद निघाली तर गाडीचा आणखी एक दिवस म्हणजे आणखी ३०० किलोमीटर.

कितीने भागायचं

इथेच सगळं ठरतं. ४५,००० ला आलेल्या माणसांनी भागा आणि त्यात ४,२०० मिळवा:

| माणसं | माणशी पडलेला खर्च |
|---|---|
| ६ | ११,७०० |
| ८ | ९,८२५ |
| १० | ८,७०० |
| १२ | ७,९५० |
| १४ | ७,४१४ |
| १६ | ७,०१३ |

वरच्या बाजूला आकडे किती भराभर पडतात आणि खाली किती हळू सरकतात ते पाहा. सहावरून आठवर गेलात तर माणशी जवळजवळ १,९०० रुपये उतरतात. चौदावरून सोळावर गेलात तर जेमतेम ४०० उतरतात. म्हणून शेवटच्या दोन सीट भरण्यासाठी दर पाडणं सहसा परवडत नाही, आणि पहिली आठ-नऊ माणसं जमवण्यात खरा जीव जातो.

मी १६ ने भागत नाही. मागच्या काही सहलींत निघण्याच्या दिवशी गाडीत प्रत्यक्ष किती जण बसले होते ते लिहून काढतो. बुकिंग किती झालं होतं हा आकडा इथे कामाचा नाही. समजा ११, १४, ९, १६, १२, १३. सरासरी साडेबारा, म्हणून पाया १२. नवीन असाल आणि हाताशी काहीच आकडे नसतील तर १० धरा.

बारा माणसांना खर्च ७,९५० पडतो. या सहलीतून मला १५,००० सुटायला हवेत, कारण महिनाभराचे फोन, हॉटेलची बोलणी, एक्सेलची शीट हे सगळं मॅनेजरच्या मजुरीत येत नाही. १५,००० भागिले १२ म्हणजे माणशी १,२५०. दर झाला ९,२००.

हा नफा खर्चाच्या टक्क्यांत न लावता मी रकमेत ठरवतो, कारण माझं काम एका सहलीमागे तेवढंच असतं. हॉटेल महाग घेतलं म्हणून माझे कष्ट वाढत नाहीत.

किती माणसांवर सहल सुटते

९,२०० पैकी ४,२०० त्या माणसावरच खर्च होतात. उरलेले ५,००० गाडी-गाइडचं ओझं उचलायला हातभार लावतात. या रकमेला मी हातभारच म्हणतो. ४५,००० चं ओझं उचलायला ५,००० चे नऊ हातभार लागतात. नवव्या माणसाला सहल सुटली, दहाव्यापासून नफा.

शीटमध्ये बांधील खर्च B1 मध्ये, माणशी खर्च B2 मध्ये आणि दर B3 मध्ये लिहून हे सूत्र टाका:

```
=ROUNDUP(B1/(B3-B2),0)
```

माझ्या पहिल्या सहलीची रीत आजच्या आकड्यांत लावून बघू. १६ ने भागून ७,०१३, त्यावर १४-१५ टक्के घालून दर ठेवला ८,०००. हातभार ३,८०० चा झाला, म्हणजे बारा माणसं आली तेव्हा कुठे सहल सुटली, तीही अवघ्या ६०० रुपयांनी. अकरा आली तर ३,२०० चा तोटा. ९,२०० ला अकरा आली असती तर १०,००० सुटले असते. दरात फरक १,२०० चा, पण सहल सुटायला लागणारी माणसं नऊवरून बारावर गेली. पायाचा आकडा आणि सुटण्याचा आकडा यांत मी किमान तीन माणसांचं अंतर ठेवतो. ते अंतर दोन किंवा एकवर आलं की दर चुकलाय असं समजतो, मग बाजारात तोच दर चालू का असेना.

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर ९,२०० वर ५ टक्के वेगळे लावा, दर ९,६६० सांगा. "सगळं धरून ९,२००" म्हणालात तर तुमच्या हातात ८,७६२ येतात, हातभार ४,५६२ होतो आणि सहल नवाऐवजी दहाव्या माणसाला सुटते. नोंदणी नसेल तरी एक लक्षात असू द्या: २० लाखांची मर्यादा वर्षाच्या उलाढालीवर मोजतात, नफ्यावर नाही. या दराने १४ जणांच्या १६ सहलींत ती ओलांडली जाते.

हिशेब जिथे पायरी चढतो

माणशी खर्च एकेका माणसाने वाढतो असं आपण धरलं, पण खोल्या दोन-दोनने वाढतात. नऊ जण आले तर पाच खोल्या लागतात आणि शेवटच्या खोलीत एकटाच माणूस राहतो. त्याच्यामागे दोन रात्रींचे २,२०० जास्तीचे जातात. त्याचा हातभार ५,००० वरून २,८०० वर येतो. म्हणजे "नववा आला, सुटलो" म्हणताना प्रत्यक्षात २,२०० चा खड्डा असतो. दोन पुरुष आणि सात बायका असा ग्रुप असेल तरी तेच होतं. म्हणून दरासोबतच लिहा: दर दोघांत एक खोली धरून आहे, स्वतंत्र खोली हवी असल्यास २,२०० जादा, जोडीदार न मिळाल्यास तिघांत एक खोली आणि जादा गादी. हे बुकिंगच्या वेळी सांगितलं तर कोणी वाद घालत नाही. हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं तर घालतात.

दुसरी पायरी सतराव्या माणसाची. "आम्ही तिघं आहोत, जागा आहे ना?" असा फोन आला, आणि जागा एकच आहे. मन म्हणतं, एक छोटी गाडी लावू. सहा माणसं बसतील अशी गाडी किलोमीटरला १६ रुपयांनी ९०० चे १४,४०० घेईल, भत्ता आणि टोल धरून १७,००० पर्यंत जाईल. त्यासाठी ५,००० चे चार हातभार लागतात. म्हणजे १७, १८ किंवा १९ माणसांवर तुम्ही १६ पेक्षा कमी कमावता, आणि गाइड एका गाडीत बसल्यामुळे दुसऱ्या गाडीतले नाराज, ते वेगळंच. २० पक्के असतील तरच दुसरी गाडी. नाहीतर पुढच्या तारखेला नाव लिहून घ्या.

निघायच्या दहा दिवस आधी

निघायच्या दहा दिवस आधीची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवतो. त्या दिवशी गाडी बदलता येते, हॉटेलच्या खोल्या सोडता येतात, गाइडला नाही म्हणता येतं. तुमचा मालक आणि हॉटेल जो शेवटचा दिवस देतील त्याच्या एक दिवस आधीची तारीख पकडा.

समजा त्या दिवशी सातच नावं आहेत. सात हातभार ३५,००० चे, तोटा १०,०००. मोठी गाडी सोडून बारा सीटची घेतली, किलोमीटरला २२ रुपयांची, तर ३,६०० वाचतात आणि तोटा ६,४०० वर येतो. सहल रद्दच केली तर? मालकाकडे भरलेले ५,००० आणि जाहिरातीचे १,६०० परत मिळणार नाहीत, म्हणजे तोटा ६,६००. दोन्हीकडे नुकसान जवळजवळ सारखंच, मग सहल काढावी. त्या ६,४०० मध्ये माझी स्वतःची ४,५०० मजुरी धरलेली आहे, त्यामुळे खिशातून प्रत्यक्षात दोन हजारच्या आत जातात, आणि सात जण घरी जाऊन चार लोकांना सांगतात.

सहा जण असतील तर छोट्या गाडीनेही ११,४०० चा तोटा येतो. तिथे रद्द करावी. मात्र "किमान आठ जण झाले तरच सहल निघेल, नाहीतर पूर्ण पैसे परत" ही ओळ माहितीपत्रकात पहिल्या दिवसापासून हवी.

या तारखेनंतर कोणी गळलं तर काय परत द्यायचं तेही याच हिशेबातून निघतं. खोली धरून झाली आहे, गाडी ठरली आहे. त्या माणसाचं जेवण, चहा आणि तिकिटं एवढंच वाचतं, म्हणजे १,८५०. म्हणून दहा दिवसांच्या आत रद्द केल्यास फार तर १,८०० परत, किंवा बदली माणूस आणा आणि काही कापू नका. मी बदली माणसाचाच आग्रह धरतो. "आजारी पडलो हो, समजून घ्या" असं म्हणणाऱ्या काकांनाही खर्चाची ही यादी दाखवली की पटतं. नुसता "नियमच आहे" म्हटलं तर पटत नाही.

सवलत मागणारे

"दहा जण आणतो, माझं फ्री करा." फुकट माणूस तुम्हाला ९,२०० ला पडतो की ४,२०० ला, हे ती सीट एरवी रिकामी जाणार होती का यावर आहे. रिकामी जाणार असेल तर ४,२००. दहा जणांचा हातभार ५०,०००, त्यातून ४,२०० गेले, उरले ४५,८००. या एकाच ग्रुपवर अख्ख्या सहलीचं ओझं निघालं आणि अजून पाच सीट विकायला हातात आहेत. असल्या माणसाला मी फुकट नेतो आणि खिडकीची जागाही देतो. दिवाळीच्या सुट्टीत, गाडी भरणारच असते तेव्हा, तीच सीट ९,२०० ची असते. तेव्हा नम्रपणे नाही.

शेवटच्या क्षणी दर पाडणं मात्र मी कधीच करत नाही. कागदावर ते आकर्षक दिसतं: चौदा जण झालेत, उरलेल्या दोन सीट ७,५०० ला दिल्या तर ६,६०० जास्तीचे. पण पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर "तुम्ही किती भरले?" हा प्रश्न निघतोच. चौदा जणांनी १,७०० चा फरक मागितला तर २३,८०० होतात. सवलत द्यायचीच असेल तर लवकर पैसे भरणाऱ्याला द्या, उशिरा येणाऱ्याला नाही.

सोसायटीचा ग्रुप आणि माणशी दर

एखादी सोसायटी किंवा महिला मंडळ स्वतःचा ग्रुप घेऊन येतं तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पर हेड किती?" आणि लगेच, "पंधरा-सोळा तर होतीलच." तुम्ही सोळाचा दर दिलात की येतात अकरा. म्हणून बरेच जण टप्प्यांचे दर देतात, आणि प्रत्येक टप्पा त्यातल्या सगळ्यात कमी संख्येवर काढतात. समजा यातून १२,००० नफा हवा आहे. बांधील खर्च आणि नफा मिळून ५७,००० झाले. मग १० ते १२ माणसांना ९,९०० आणि १३ ते १६ ला ८,६०० असा दर निघतो.

मी पण असंच द्यायचो, एका मंडळाच्या हिशेबनीस काकूंनी डोळे उघडेपर्यंत. बारा जणींचे एकूण १,१८,८०० होतात. तेरा जणींचे १,११,८००. एक माणूस वाढला आणि बिल ७,००० ने कमी झालं! काकू हसून म्हणाल्या, "मग तेरावीचं नाव लिहा, ती काही येत नाही." आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं, पायरीच मी बांधली होती.

तेव्हापासून खासगी ग्रुपला मी माणशी दर देतच नाही. कोटेशनमध्ये दोनच आकडे लिहितो: गाडी, गाइड, मॅनेजर आणि व्यवस्था मिळून ५७,००० एकरकमी, आणि राहणं, जेवण, तिकिटं यांचे माणशी ४,२००, दोघांत एक खोली धरून. माणसं वाढली की माणशी दर आपोआप उतरतो. कमी झाली तर फरक ग्रुप आपसांत वाटून घेतो. एकरकमी रकमेतले निम्मे बुकिंगला, उरलेले दहा दिवस आधी. माणशी पैसे त्याच दिवशी कळवलेल्या संख्येवर, आणि नंतर ती संख्या वाढली तर चालते, घटली तर नाही. काही मंडळं "आम्हाला एकच आकडा सांगा" म्हणतात. त्यांना मी कोटेशनच्या खाली दहा, बारा, चौदा आणि सोळा जणांचा माणशी आकडा काढून देतो: ९,९००, ८,९५०, ८,२७१ आणि ७,७६३. ते बघितल्यावर अजून दोघी-तिघी गोळा करायचं काम हिशेबनीस काकू स्वतःच करतात.